अर्धखड्गपद्धती व खड्गमल्लविद्या

दीर्घखड्गाच्या पात्याचा मध्यभाग डाव्या हाताने व मूठ उजव्या हाताने धरून लढण्याची, तसेच त्या पकडीतून शत्रूशी अंगलट करून त्याला निःशस्त्र करण्याची वा पाडण्याची मध्ययुगीन यूरोपीय पद्धती. पंधराव्या शतकातील जर्मन व इटालियन खड्गविद्याग्रंथांत तिचे सविस्तर वर्णन आढळते. जर्मन ग्रंथकार या पकडीतील शस्त्राला ‘अर्धे खड्ग’ किंवा ‘आखूड खड्ग’ म्हणतात. तलवार आखूड होत नाही. ती धरण्याची रीत तिला आखूड करते. खड्गविद्येचा नव्याने अभ्यास करणाऱ्यास ही पद्धती प्रथमदर्शनी विचित्र वाटते. धारदार पाते हाताने धरले, तर बोटे कापली जाणार नाहीत काय आणि धारेने वार करण्याऐवजी तलवार उलटसुलट पकडण्याचे प्रयोजन काय, हे दोन प्रश्न त्याच्या मनात येतात. दोहोंची उत्तरे त्या काळच्या चिलखतात आणि तलवारीच्या घडणीत सापडतात.

शस्त्र व चिलखत : दीर्घखड्ग हे सरळ, दुधारी व टोकाकडे निमुळते होत जाणारे शस्त्र होय. आपल्याकडील तलवारीची मूठ एका हातापुरती असते. दीर्घखड्गाची मूठ दोन्ही हात मावतील एवढी लांब असते. मूठ व पाते यांच्या सांध्यावर एक आडवा दांडा असतो आणि मुठीच्या शेवटी लोखंडाचा जड गोळा बसविलेला असतो. तलवारीची एकूण लांबी सामान्यतः ११० ते १३० सेंमी. आणि वजन सु. १.२ ते १.६ किग्रॅ. असते. ती फार जड असे, ही समजूत चुकीची आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय सरदारांच्या अंगावर पोलादी पत्र्यांचे चिलखत आले आणि पंधराव्या शतकात ते पूर्णत्वास पोहोचले. अशा चिलखताचे वजन सु. २० ते २५ किग्रॅ. भरे, परंतु ते सर्व अंगावर विभागलेले असल्याने ते घालून चालता, वाकता व पडल्यावर उठता येई. या वक्राकार व गुळगुळीत पत्र्यांवर धारेचा वार घसरून जातो आणि त्याखालच्या माणसास फारशी इजा होत नाही. म्हणून चिलखतधारी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तलवारीची धार जवळजवळ निरुपयोगी ठरली.

पत्र्याला मर्यादा होत्या. शरीर जेथे वाकते तेथे पत्रा सलग ठेवता येत नाही. काख, कोपराची आतली बाजू, हाताचा तळवा, हस्तत्राणाचे मनगटाकडील तोंड, जांघ, गुडघ्यामागची खोबण आणि मुखत्राणातील डोळ्यांच्या फटी ही स्थळे उघडी राहत किंवा तेथे केवळ कड्यांची जाळी असे. जर्मन ग्रंथांत या स्थळांची गणना केलेली असून तेथेच टोक खुपसावे, असे सांगितले आहे. मात्र हलत्या माणसाच्या काखेत टोक नेमके घालणे आणि तेथील कडीजाळी फोडेपर्यंत ते रेटणे, ही कामे दोन्ही हात मुठीवर ठेवून साधत नाहीत. पाते लवते, टोक भरकटते आणि मागून जोर पोहोचत नाही. अर्धखड्गाची पकड ही या अडचणीवर काढलेली तोड होय.

पकडीमागील यंत्रशास्त्र : १२० सेंमी. लांबीची एक तलवार उदाहरणादाखल घेऊ. तिचे पाते ९२ सेंमी. आणि गोळ्यासह मूठ २८ सेंमी. आहे. नेहमीच्या पकडीत दोन्ही हात मुठीवर असतात व त्यांच्यातील अंतर फार तर वीतभर असते. डावा हात पात्याच्या मध्यावर नेला, की दोन हातांत सु. अर्ध्या मीटरचे अंतर पडते. त्यामुळे तीन गोष्टी घडतात. पहिली अशी, की टोक डाव्या हातापुढे केवळ ४६ सेंमी. उरते आणि हा हात बोटाने दाखवावे तितक्या अचूकपणे त्याला दिशा देतो. दुसरी अशी, की उजवा हात, छाती किंवा काख यांचा जोर सरळ टोकामागे लावता येतो. तलवार आखूड भाल्यासारखी वागू लागते. तिसरी अशी, की दोन हातांमधील पाते हा दोन्ही टोकांना धरलेला भक्कम दांडा बनतो. त्यावर शत्रूचा मारा झेलता येतो आणि तोच दांडा तरफ म्हणून त्याच्या मानेवर, कोपरावर वा गुडघ्यामागे लावता येतो.

या लाभाची किंमतही ठरलेली आहे. पात्याचा मध्य धरल्याने लढवय्याची पोच जवळजवळ अर्ध्या मीटरने कमी होते. म्हणून अंतर राखून लढताना ही पकड तोट्याची असते. अंगात पोलाद असेल, तर शत्रूच्या लांबवरच्या वारांची फिकीर न करता हे अंतर ओलांडता येते. चिलखत नसेल, तर दोन्ही पाती एकमेकांना भिडल्यावरच, म्हणजे शत्रूची धार क्षणभर बांधली गेल्यावरच, हात पात्यावर नेता येतो. हा भेद लक्षात न घेता ग्रंथांतील चित्रे पाहिली, तर त्यांचा अर्थ लागत नाही.

पाते धरण्याची रीत : धार दाबल्याने जितकी कापते, त्याहून कितीतरी अधिक ती सरकल्याने कापते. पाते हातात सरकू दिले नाही, तर ते घट्ट धरता येते. पंधराव्या शतकातील अनेक दीर्घखड्गांच्या पात्याचा छेद चपट्या समभुज चौकोनासारखा असे; त्यामुळे मधला भाग जाड व धरण्यास सोयीचा होई. तळवा पात्याच्या एका चपट्या अंगावर आणि बोटांची अग्रे दुसऱ्या अंगावर दाबून चिमट्यासारखी पकड करतात. धारा बोटांच्या मुळांशी नुसत्या टेकलेल्या असतात. त्यांच्यावर भार येऊ देत नाहीत. चिलखतधाऱ्याच्या हस्तत्राणाचा तळवा बहुधा चामड्याचा असल्याने त्याला आणखी संरक्षण मिळे. तथापि हान्स टालहोफर या जर्मन गुरूच्या १४६७ च्या सचित्र हस्तलिखितात साध्या कपड्यांतील माणसे उघड्या हातांनी पाते धरून लढताना दाखविली आहेत. यावरून हातमोज्यांशिवायही ही पकड शक्य मानली जात होती, हे दिसते.

पकड फसते ती प्रायः तीन कारणांनी. हात सैल असताना आपलाच जोर पुढे गेला, तर तळवा पात्यावरून टोकाकडे घसरतो. शत्रूने आपले पाते पकडून लांबीच्या दिशेने हिसका दिला, तरी तोच परिणाम होतो. पाते हातात पिळले गेले, तर चपटे अंग सुटून धार तळव्यात रुतते. नवशिक्यास आपली पकड घसरते की नाही, हे बोथट तलवारीवर सहज तपासता येते. पात्याच्या दोन्ही कडांना खडूची ओली पूड लावावी व सावकाश डाव करून तळवा पाहावा. बोटांच्या मुळांशी बारीक, स्वच्छ रेघ उमटली असेल, तर पकड स्थिर राहिली. फरकाटा उमटला असेल, तर खऱ्या तलवारीने तेथे जखम झाली असती. धार लावलेल्या तलवारीवर हा प्रयोग करू नये.

ग्रंथ व ग्रंथकार : या विद्येच्या दोन प्रमुख परंपरा आहेत. जर्मन परंपरेचा मूळपुरुष योहानेस लीश्टेनाउअर हा होय. त्याची शिकवण मुद्दाम गूढ ठेवलेल्या पद्यांत असून ती त्याच्या अनुयायांनी लिहिलेल्या टीकांवाचून उलगडत नाही. अशा टीकांचा एक महत्त्वाचा संग्रह रोम येथे जतन केलेल्या १४५२ च्या हस्तलिखितात आहे. पेटर फोन डान्त्सिग याच्या नावाने ते ओळखले जाते. त्यात आंड्रेस लिग्नित्सर व मार्टिन हुंट्सफेल्ड या गुरूंची अर्धखड्गावरील प्रकरणे, तसेच ओट या गुरूचे मल्लविद्येवरील प्रकरण समाविष्ट आहे. ओट हा ख्रिस्ती झालेला ज्यू होता आणि ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा मल्लगुरू म्हणून त्याचा उल्लेख येतो. कौशल्य, चपळाई व शक्तीचा योग्य उपयोग या तीन गोष्टी प्रत्येक कुस्तीस लागतात, असे तो म्हणतो.

इटालियन परंपरेतील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ फ्योरे देई लिबेरी याचा आहे. इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातील या गुरूने पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फ्योर दी बाताल्या’ म्हणजे ‘युद्धपुष्प’ हा ग्रंथ रचून फेराराचा अधिपती तिसरा निकोलो द’एस्ते यास अर्पण केला. त्याची चार हस्तलिखिते आज ज्ञात आहेत. आपली विद्या इतर गुरूंना शिकविण्यास नकार दिल्यामुळे आपल्याला पाच वेळा द्वंद्व करावे लागले. त्या प्रसंगी अंगावर चिलखत नव्हते, केवळ कापूस भरलेला डगला व चामडी हातमोजे होते, असे तो प्रस्तावनेत सांगतो. चिलखतात एखादा वार अंगावर घेऊनही माणूस लढत राहू शकतो. धारदार तलवारींच्या उघड्या द्वंद्वात एक चूक प्राण घेते, असा त्याचा अभिप्राय आहे.

दोन्ही परंपरांत तलवारीच्या आधी कुस्तीला स्थान आहे. फ्योरेने ग्रंथाच्या आरंभीच मल्लविद्या ठेवली असून तेथून तो कट्यार, तलवार, चिलखतातील तलवार असा पुढे जातो. न्यूरेंबर्ग येथे जतन केलेल्या एका जुन्या जर्मन हस्तलिखितातही सर्व शस्त्रविद्या मुळात कुस्तीतून उगम पावते, असे विधान आहे. त्यामुळे अर्धखड्ग व कुस्ती हे दोन वेगळे विषय नसून एकाच क्रियेचे दोन टप्पे आहेत, ही या ग्रंथांची मूळ धारणा ठरते.

चार पवित्रे : लीश्टेनाउअरच्या परंपरेत अर्धखड्गाचे चार पवित्रे सांगितले आहेत. पहिल्यात डावा पाय पुढे ठेवून तलवार डोक्याच्या उजव्या बाजूस वर धरतात व टोक शत्रूच्या तोंडावर रोखलेले असते. दुसऱ्यात तलवार खाली, उजव्या गुडघ्याशी असते व टोक वर शत्रूच्या तोंडाकडे असते. तिसऱ्यात ती डाव्या गुडघ्यावर आडवी धरतात. येथून दोन हातांमधील पात्याने खालून वर उचलत मारा अडविता येतो. चौथ्यात मूठ उजव्या काखेशी टेकवून तलवार बरचीसारखी रोखतात. टोक एखाद्या सांध्यात अडकले, की शरीराचा सगळा भार त्यामागे घालून शत्रूला रेटत नेण्यासाठी हा पवित्रा असतो. पहिल्या तीन पवित्र्यांतून सुरू झालेला यशस्वी मारा बहुधा चौथ्यात येऊन संपतो. फ्योरे याच पकडीचे सहा पवित्रे देतो आणि त्यांना ‘सर्पिणी’, ‘खरा क्रूस’ यांसारखी नावे देतो. त्यांचे कार्य मात्र पुष्कळसे समान आहे.

एका डावाचे विवरण : पहिल्या पवित्र्यातून निघणारा एक डाव जर्मन टीकांत येतो. अर्धखड्गातून कुस्तीत कसे शिरतात, हे त्यावरून स्पष्ट होते. दोन्ही लढवय्ये चिलखतात असून दोघांचाही डावा पाय पुढे आहे, असे समजावे. आक्रमक वरच्या पवित्र्यातून शत्रूच्या तोंडावर टोक खुपसतो. टोक लागले, तर तो मूठ छातीशी किंवा काखेत आणून रेटत जातो व शत्रूला पाय रोवू देत नाही. शत्रूने हा मारा आपल्या पात्याने बाजूस सारला, तर पुढची कृती त्याच्या प्रतिकाराच्या जोरावर ठरते.

प्रतिकार हलका असेल, तर आक्रमक टोक झटकन मागे घेऊन शत्रूच्या तलवारीखालून दुसऱ्या बाजूस नेतो व पुन्हा खुपसतो. प्रतिकार जोरदार असून शत्रूने आक्रमकाचे टोक दूर ढकलले असेल, तर टोकासाठी झगडण्यात अर्थ नसतो. तलवारीचे एक टोक दूर गेले, की दुसरे टोक, म्हणजे मुठीचा गोळा, आपोआप शत्रूच्या जवळ येतो. आक्रमक आता उजवा पाय पुढे टाकून तो शत्रूच्या डाव्या पायामागे ठेवतो. त्याच वेळी तो मुठीचा गोळा शत्रूच्या उजव्या खांद्यावरून नेतो, म्हणजे मूठ गळ्यासमोर आडवी येते. मग तो मूठ रेटून शत्रूला आपल्या उजव्या पायावरून मागे उलथतो. शत्रूचे डोके मागे जाते, पाय मात्र अडलेला असतो आणि चिलखताचे वजन त्याच्याच विरुद्ध काम करते. आपल्याकडील कुस्तीत पायात टांग घालून वरून धक्का दिला जातो, त्याच जातीचा हा डाव आहे. येथे धक्का देणारा हात लोखंडाने लांब झालेला असतो.

या डावात चूक होते ती पायांत. नवशिक्याचे लक्ष तलवारीकडे असते. म्हणून तो गोळा गळ्याशी नेतो, पण उजवा पाय शत्रूच्या मागे न टाकता समोरच ठेवतो. मग शत्रू पाऊल मागे घेऊन मोकळा होतो आणि आक्रमकाची तलवार विनाकारण वर अडकून राहते. पाय योग्य पडला की नाही, हे मांडीवरून ओळखावे : आपल्या उजव्या मांडीची मागची बाजू शत्रूच्या डाव्या मांडीच्या मागच्या बाजूस भिडली असेल, तर तो पाऊल मागे घेऊ शकत नाही. दुसरी चूक म्हणजे शत्रूचा प्रतिकार जाणवण्याआधीच डाव ठरवून ठेवणे. शत्रूने पाते बाजूस सारलेच नाही व आक्रमक मूठ फिरवून आत शिरला, तर शत्रूचे टोक सरळ त्याच्या काखेत जाते.

शत्रू पडल्यावर द्वंद्व संपत नसे. पडलेल्या चिलखतधाऱ्यास दाबून धरून त्याचे मुखत्राण उघडणे व कट्यारीचा उपयोग करणे, यांची स्वतंत्र प्रकरणे या ग्रंथांत आहेत. न्यायनिर्णयासाठी लढल्या जाणाऱ्या द्वंद्वांची पार्श्वभूमी त्यांमागे आहे. अशा द्वंद्वात हार म्हणजे मृत्यू किंवा आरोप सिद्ध झाल्याची मान्यता असे. म्हणून पाडणे व ठार करणे यांतील प्रत्येक पायरी शिकवावी लागे.

गोळ्याचा प्रहार : अर्धखड्गाशी संलग्न असा आणखी एक प्रकार म्हणजे दोन्ही हातांनी पाते धरून मुठीचा गोळा किंवा आडवा दांडा हातोड्यासारखा हाणणे. जर्मन ग्रंथांत त्याला ‘खुनी प्रहार’ व ‘मेघगर्जनेचा प्रहार’ अशी नावे आहेत. शिरस्त्राण न फुटताही आतला माणूस या धक्क्याने गुंगतो. आडव्या दांड्याने गुडघ्यामागे आकडा घालून ओढताही येते. परंतु या वेळी टोक आपल्याकडे असते व ते शत्रूस रोखत नाही. प्रहार चुकला, तर सावरण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रू आत शिरतो. म्हणून प्रतिकार सांगताना ग्रंथकार मागे हटण्यास सांगत नाहीत. प्रहार दोन हातांमधील पात्यावर झेलून त्याच पावली पुढे जावे व आपल्या मुठीने शत्रूच्या शस्त्रात आकडा घालून ते हिसकावावे, असा त्यांचा उपदेश आहे.

चिलखताविना कुस्ती : साध्या वेशातील दीर्घखड्गाच्या लढतीत फ्योरे दूरचा डाव व जवळचा डाव असे दोन भाग पाडतो. पाती मध्यावर भिडून शत्रूचा हात वा मूठ आपल्या डाव्या हाताच्या टप्प्यात आली, की जवळचा डाव सुरू होतो. तेथे मुठीचा गोळा तोंडावर मारणे, शत्रूची मूठ पकडणे, त्याचे कोपर ढकलून त्याला फिरविणे, तलवार हिसकावणे आणि पायात अडसर घालून पाडणे हे डाव येतात. यांत अंतराचा अंदाज हेच मुख्य ज्ञान असते. हात पोचत नसताना तो पुढे करणे म्हणजे तो शत्रूच्या धारेला देणे होय.

जर्मन परंपरेतील ‘आरपार धावणे’ हा डाव या संदर्भात उद्बोधक आहे. शत्रू हात उंच करून सर्व बळाने वरून दाबत येतो, तेव्हाच तो करावयाचा असतो. लढवय्या आपलेही हात वर नेतो, उजवा हात मुठीवरून सोडतो आणि डाव्या हाताने मुठीचा गोळा डोक्यावर धरून पाते पाठीमागे लोंबू देतो. हे लोंबते पाते त्याच्या पाठीचे रक्षण करते. मग तो शत्रूच्या उजव्या हाताखालून डोके घालतो, उजवा पाय शत्रूच्या उजव्या पायामागे टाकतो, उजव्या हाताने त्याच्या कमरेस विळखा घालतो आणि त्याला आपल्या उजव्या कुल्ल्यावर घेऊन फेकतो. येथे बळास बळाने उत्तर दिलेले नाही. शत्रूने वर लावलेला जोर वरच सोडून देऊन त्याच्या मोकळ्या कमरेखाली लढवय्या शिरतो. हा डाव केव्हा करू नये, हेही त्यातूनच कळते. शत्रूचे हात खांद्याच्या खाली असतील, तर वाकलेले डोके सरळ त्याच्या पात्यावर जाते. म्हणून शत्रूचे कोपर आपल्या डोळ्यांच्या वर दिसते काय, एवढे पाहूनच आत शिरावे.

चित्रांचे वाचन : या ग्रंथांतील प्रत्येक चित्र हा एका हालचालीतील एकच क्षण असतो. आधी काय झाले व पाय कोठून कोठे गेले, हे चित्रात दिसत नाही. टालहोफरच्या चित्रांखाली मजकूर फारच थोडा आहे. जर्मन टीकांत मजकूर पुष्कळ आहे, पण अनेक प्रतींत चित्रे नाहीत. फ्योरेने यावर एक सोपी युक्ती योजली आहे. डावातील मुख्य उपाय करणाऱ्या गुरूच्या डोक्यावर मुकुट असतो. तोच डाव पुढे चालविणाऱ्या शिष्याच्या पायास गुडघ्याखाली सोनेरी पट्टा बांधलेला असतो. आणि उपायावर प्रत्युपाय करणाऱ्याजवळ मुकुट व पट्टा दोन्ही असतात. एवढे लक्षात ठेवले, की चित्रातील दोघांपैकी कोणाची सरशी होत आहे, हे वाचकास तत्काळ कळते. अर्धखड्गाच्या चित्रात प्रथम पाय पाहावेत, नंतर हात कोठे आहेत ते पाहावे आणि टोकाकडे शेवटी वळावे. या क्रमाने डाव उलगडतो.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : सोळाव्या शतकात बंदुकांचा प्रसार व युद्धरीतीतील बदल यांमुळे संपूर्ण चिलखत मागे पडू लागले आणि अर्धखड्गाचे प्रयोजनच उरले नाही. आउग्सबुर्ग येथील नगराधिकारी पाउलुस हेक्टर माइर याने १५४० च्या दशकात जुन्या ग्रंथांच्या आधारे मोठे सचित्र संकलन करवून घेतले व त्यात अर्धखड्गाचे डावही नोंदविले. नगराच्या तिजोरीतील अपहाराबद्दल त्याला १५७९ मध्ये फाशी देण्यात आले. योआखिम मायर याच्या १५७० च्या मुद्रित ग्रंथात दीर्घखड्ग हे मुख्यतः आखाड्यातील कौशल्याचे शस्त्र झालेले दिसते. त्यात मुठीने आकडा घालणे व तलवार हिसकावणे टिकून आहे, परंतु चिलखताच्या फटी शोधणारे टोक मागे पडले आहे.

एकोणिसाव्या शतकात या हस्तलिखितांकडे पुन्हा लक्ष गेले. गुस्टाफ हेर्गझेल याने टालहोफरचे १४६७ चे हस्तलिखित १८८७ मध्ये प्राग येथे प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून यूरोप व अमेरिकेत अभ्यासकांचे गट मूळ ग्रंथांवरून हे डाव प्रत्यक्ष करून पाहत आहेत. अशा सरावात तलवार बोथट व टोक गोलसर असते, मुखवटा व कंठत्राण वापरतात. तरीही या विद्येतील बहुतेक दुखापतींचा धोका तलवारीपेक्षा सांध्यांना अधिक असतो. अर्धखड्गाची तरफ कोपरावर बसली, की पाते बोथट असले तरी तिचा जोर कमी होत नाही आणि मानेवर बसलेली मूठ मुखवट्याने थांबत नाही. म्हणून कोपर मोडण्याचे डाव सावकाश करून जोडीदाराने खूण करताच सोडतात आणि पाडण्याचे डाव पडण्याची रीत आत्मसात झाल्यावरच करतात. जुन्या गुरूंनी कुस्तीचे प्रकरण तलवारीच्या आधी ठेवले, त्याचे एक व्यावहारिक कारण या सरावात प्रत्ययास येते.